भाषांतर बरोबर, पण वाटीतले प्रमाण चुकीचे: खाद्याच्या पिशवीचा आणि पशुवैद्यकीय नोंदीचा फोटो वाचताना

आपल्याला न येणाऱ्या भाषेतील कागदपत्रांसह एखादे पिल्लू घरी आले, की नवा मालक पहिल्याच दिवशी दोन फोटो काढतो. एक खाद्याच्या पिशवीच्या मागच्या बाजूचा आणि दुसरा पशुवैद्याने भरलेल्या कार्डाचा. ते फोटो फोनच्या भाषांतराच्या सोयीत टाकले जातात, आकडे आणि शब्द मराठीत दिसू लागतात आणि त्याप्रमाणे वाटी भरली जाते. दोन-तीन आठवड्यांनी मात्र पिल्लाचे वजन अपेक्षेप्रमाणे वाढत नाही, किंवा ते भलतेच वाढते, आणि पुन्हा भाषांतर तपासले तर प्रत्येक शब्द बरोबर असल्याचे दिसते. ही तक्रार माझ्याकडे इतक्या वेळा आली आहे, की आता असे फोटो मराठीत करून देताना मी आकड्यांना सर्वांत शेवटी हात लावते. आधी तो आकडा कोणाच्या वजनासाठी आहे, किती वेळेसाठी आहे आणि सोबत दुसरे काही खायला दिले जाणार आहे का, हे ठरवावे लागते. या तीन गोष्टी बहुतेक वेळा कोष्टकाच्या मथळ्यात किंवा तळटीपेत असतात, आणि फोटोत नेमका तोच भाग वाकलेला, कापलेला किंवा आडवा असतो.

हे कसे घडते ते एका प्रकरणातून सविस्तर सांगते. त्यात जवळजवळ सगळ्या नेहमीच्या चुका एकाच ठिकाणी आल्या होत्या.

एका ताईंनी चार महिन्यांचे मिश्र जातीचे मादी पिल्लू दत्तक घेतले. पिशवी आणि कार्ड दोन्ही जर्मन भाषेत होते. बारा दिवसांनी त्यांचा निरोप आला, "पिल्लाचे वजन जवळपास अर्धा किलो कमी झाले आहे. कार्डावर ८.७ किलो लिहिले आहे आणि माझ्या काट्यावर ८.२५ भरते आहे. मी पिशवीवर दिल्याप्रमाणे रोज १४५ ग्रॅम मोजून देते. शिवाय कार्डावर दिवसाला तीन गोळ्या लिहिल्या आहेत, पण त्या कोणत्या गोळ्या ते मला सापडत नाही." चार महिन्यांच्या पिल्लाचे वजन घटणे ही वाट पाहण्याची गोष्ट नाही, म्हणून जुलाब, उलटी किंवा मलूलपणा असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात जा, असे मी त्यांना प्रथम कळवले. तसे काहीच नव्हते. पिल्लू खेळत होते आणि सतत भुकेलेले होते, इतके की कचऱ्याच्या डब्यात तोंड घालत होते. तेव्हा मी त्यांच्याकडून फोटो पुन्हा मागवले. पिशवी सपाट करून, कोष्टकाच्या चारही कडा दिसतील असा एक फोटो, आणि कार्डाचे पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक पान.

८.७ की ८.१

सुरुवात वजनापासून केली, कारण पुढचे सगळे गणित त्यावर उभे राहते. त्या भाषेत दशांशासाठी टिंब वापरत नाहीत, स्वल्पविराम वापरतात. त्यामुळे छापील मजकुरात १,५ असे दिसले तर तो दीड असतो, पंधरा नव्हे. हा स्वल्पविराम पुसट असला आणि भाषांतरात गळला तर आकडा दहापट होतो. वजनाच्या बाबतीत अशी चूक लगेच लक्षात येते, कारण चार महिन्यांचे पिल्लू ८१ किलोचे असू शकत नाही हे कोणालाही कळते. औषधाच्या बाबतीत मात्र ती लक्षात येत नाही. ०,५ मिलिलिटर आणि ५ मिलिलिटर, दोन्ही नवख्या माणसाला सारखेच शक्य वाटतात. म्हणून औषधाच्या मात्रेत दशांश आला आणि तो अगदी स्वच्छ दिसत नसला, तर मी तो आकडा मराठीत लिहीतच नाही. त्या जागी "दवाखान्यात फोन करून विचारावे" असे लिहिते.

या कार्डावर स्वल्पविराम स्पष्ट होता, अडचण त्याच्या पुढच्या अंकाची होती. तिकडे हाताने लिहिलेल्या १ ला वरून डावीकडे खाली येणारी लांब तिरकी रेघ काढतात आणि तो आपल्याला परिचित असलेल्या इंग्रजी ७ सारखा दिसतो. खऱ्या ७ च्या दांड्याला मात्र तिथे बहुतेकजण मध्ये एक आडवी रेघ मारतात. एकटा अंक पाहून निर्णय करू नये, त्याच हस्ताक्षरातला दुसरा नमुना शोधावा. कार्डावर दोन आठवडे आधीची नोंद होती, तिथे वजन ७,३ असे होते आणि त्या सातच्या दांड्यावर आडवी रेघ ठळक होती. ताई ज्याला ८.७ समजत होत्या त्या अंकावर ती रेघ नव्हती. म्हणजे वजन ८.१ किलो होते.

यामुळे सगळे चित्र पालटले. पिल्लाचे वजन घटलेले नव्हते, ते बारा दिवसांत ८.१ वरून ८.२५ किलो झाले होते. तरीही समाधान मानण्यासारखे काही नव्हते. त्याआधीच्या दोन आठवड्यांत ७.३ वरून ८.१, म्हणजे रोज साधारण ५७ ग्रॅम वाढ झाली होती, आणि नव्या घरी ती रोज जेमतेम १२ ग्रॅमवर आली होती. दवाखान्याचा काटा आणि घरचा काटा वेगळे असल्याने शेदोनशे ग्रॅमचा फरक काट्यांमुळेही पडू शकतो, हे लक्षात घेतले तरी वाढ मंदावली होती, यात शंका नव्हती. घरचे वजन तुलनेसाठी घ्यायचे असेल तर पिल्लाला एकदा दवाखान्याच्या काट्यावर तोलावे आणि त्याच दिवशी घरच्या काट्यावरही तोलून दोहोंतला फरक कार्डावर लिहून ठेवावा, म्हणजे पुढे हा गोंधळ राहत नाही.

१४५ ग्रॅम कोठून आले

आता पिशवी. पिल्लांच्या कोरड्या खाद्यावर जे कोष्टक असते त्यात वरच्या बाजूला वय महिन्यांत असते आणि डाव्या बाजूला वजन किलोत. या पिशवीवर ५, १० , २० आणि ३० किलो अशा चार ओळी होत्या. चार महिन्यांच्या रकान्यात त्यांच्यासमोर ८५, १४५, २४५ आणि ३३० ग्रॅम असे आकडे होते. पिल्लू आठ किलोचे, सर्वांत जवळची ओळ दहा किलोची, म्हणून १४५ ग्रॅम. ताईंची ही विचारपद्धती अगदी सरळ होती आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता, कारण फोनने त्या रकान्याचा मथळा केवळ "वजन" असा दाखवला होता.

मूळ मथळा होता एंटगेविष्ट. त्याचा अर्थ शेवटचे वजन, म्हणजे पिल्लू पूर्ण वाढल्यावर त्याचे जे वजन होईल ते. हा मथळा कोष्टकाच्या डाव्या कडेला उभा छापलेला होता, पहिल्या फोटोत पिशवीची ती कड मागे वळलेली होती आणि शब्दाचा पहिला अर्धा भाग दिसतच नव्हता. उरलेला गेविष्ट म्हणजे नुसते वजन. भाषांतर चुकले नव्हते, त्याला दिलेला शब्दच अर्धा होता. पिल्लांच्या खाद्यावर वाढीच्या वयाचे रकाने दिसले, की वजनाची ओळ बहुधा प्रौढ वजनाची असते, आजच्या वजनाची नसते, असे धरून चालावे आणि मथळा पूर्ण वाचून खात्री करून घ्यावी. उलट प्रौढ कुत्र्याच्या किंवा मांजराच्या खाद्यावर वयाचे रकाने नसतात आणि तिथे वजन म्हणजे त्या प्राण्याचे योग्य वजन असते. प्राणी लठ्ठ असेल तर काट्यावर दिसणाऱ्या आकड्यासमोरची ओळ घेतल्याने लठ्ठपणाच पोसला जातो.

मग या पिल्लाचे प्रौढ वजन किती होणार? मिश्र जातीच्या पिल्लाबाबत हे मालकाने अंदाजाने ठरवू नये. सुदैवाने कार्डाच्या पहिल्या पानावर पशुवैद्याने अपेक्षित प्रौढ वजन सुमारे २० किलो असे लिहिले होते. ताईंनी ते पान पाठवलेच नव्हते, कारण त्यावर फक्त रंग, जन्मतारीख आणि मायक्रोचिपचा क्रमांक असेल असे त्यांना वाटले होते. पहिले पान वगळणे ही फारच नेहमीची गोष्ट आहे. पिल्लाची ओळ २० किलोची, रकाना चार महिन्यांचा, म्हणून आकडा २४५ ग्रॅम. ते मिळत होते १४५.

कोष्टकाखाली बारीक अक्षरांत दोन गोष्टी होत्या. एक, सर्व आकडे दिवसाचे आहेत. ही ओळ सुटली तर उलट दिशेची चूक होते. मालक २४५ ग्रॅम एका वेळचे समजतो आणि तीन वेळा देतो. दुसरी गोष्ट, हे आकडे केवळ कोरडे खाद्य दिले जात असेल तरच लागू आहेत. काही पिशव्यांवर त्याच वजनासमोर दोन रकाने असतात, एक नुसत्या कोरड्या खाद्याचा आणि दुसरा डबाबंद ओल्या खाद्यासोबतचा. फोटोत मधली उभी रेघ पुसली गेली तर दोन्ही आकडे एकाच ओळीत आल्यासारखे दिसतात. म्हणून मी कोष्टकाचे भाषांतर करताना पूर्ण कोष्टक उतरवून देत नाही. त्यातला त्या प्राण्याला लागू असलेला एकच चौकोन घेते आणि त्याचे पूर्ण वाक्य करते: "प्रौढ वजन २० किलो, वय चार महिने, फक्त हे कोरडे खाद्य देत असल्यास पूर्ण दिवसभरात मिळून २४५ ग्रॅम." वाक्य करायला बसले की कोणता शब्द हाताशी नाही ते आपोआप उघडे पडते.

आकडा पटतो का, हे उलट बाजूने पाहणे

कोष्टक कितीही नीट वाचले तरी मी एक पडताळणी करतेच, कारण ती पाच मिनिटांत होते आणि दुप्पट-तिप्पट किंवा निम्म्याची चूक पकडते. प्राण्याला स्वस्थ असताना लागणारी ऊर्जा काढण्याचे एक प्रचलित सूत्र आहे. वजनाचा घन करायचा, त्याचे वर्गमूळ घ्यायचे, आलेल्या संख्येचे पुन्हा वर्गमूळ घ्यायचे आणि त्याला ७० ने गुणायचे. साध्या गणनयंत्रावर हे जमते. ८.१ चा घन ५३१, त्याचे वर्गमूळ २३.०५, त्याचे पुन्हा वर्गमूळ ४.८, आणि ७० ने गुणल्यावर ३३६ किलोकॅलरी. वाढत्या पिल्लाला याच्या दुप्पट ते तिप्पट ऊर्जा लागते. चार महिन्यांपर्यंत तिपटीच्या जवळ आणि पुढे हळूहळू दुपटीकडे. इथे आजचेच वजन घ्यायचे असते, प्रौढ वजन नव्हे. म्हणजे या पिल्लाची गरज ६७० ते १,००० किलोकॅलरीच्या दरम्यान होती.

आता खाद्यात ऊर्जा किती? ती पिशवीवर छापलेली असेल तर काम सोपे होते, पण पुष्कळ पिशव्यांवर ती नसते आणि या पिशवीवरही नव्हती. घटकांची टक्केवारी मात्र होती: प्रथिने २८, स्निग्ध पदार्थ १६, तंतू ३ आणि रोआशे ७. या शेवटच्या शब्दाचे भाषांतर फोनवर "कच्ची राख" असे येते आणि खाद्यात राख मिसळली आहे की काय, या शंकेने नवे मालक हादरतात. या ताईंनीही तो शब्द लाल रंगाने गोल केला होता. खाद्याचा नमुना पूर्ण जाळल्यावर जे खनिज शिल्लक उरते त्याचे ते माप आहे. मी त्याचे भाषांतर "एकूण खनिजे" असे करते. कोरड्या खाद्यात पाण्याचा अंश बहुधा लिहिलेला नसतो, तो साधारण ८ टक्के धरावा. या पाचांची बेरीज ६२ होते, उरलेले ३८ म्हणजे कर्बोदके. प्रथिने आणि कर्बोदके यांच्या दर ग्रॅमला साडेतीन आणि स्निग्ध पदार्थांच्या दर ग्रॅमला साडेआठ किलोकॅलरी धरल्या, तर ९८, १३६ आणि १३३ मिळून १०० ग्रॅमला ३६७ किलोकॅलरी होतात.

या हिशेबाने १४५ ग्रॅममध्ये ५३२ किलोकॅलरी, म्हणजे स्वस्थ गरजेच्या दीडपटीहून थोडी जास्त ऊर्जा होती. प्रौढ, नसबंदी झालेल्या कुत्र्याला एवढी पुरते, वाढत्या पिल्लाला पुरत नाही. २४५ ग्रॅममध्ये ८९९ येतात, साधारण २.७ पट. हे अपेक्षित पट्ट्यात बसते. आणि २४५ ग्रॅम तीन वेळा दिले असते तर आठपट झाली असती. हे सूत्र प्रत्येक प्राण्याची नेमकी गरज सांगत नाही. सारख्या वजनाच्या दोन पिल्लांच्या भुकेत आणि वाढीत बराच फरक असतो. पण भाषांतरातला आकडा पट्ट्याच्या पार बाहेर पडला, तर पिल्लू वेगळे आहे असे समजण्याआधी आपले वाचन चुकले आहे असेच समजावे.

कार्डावरच्या गोळ्या

त्या तीन गोळ्यांचे कोडे सुटले तेव्हा आम्हा दोघींनाही हायसे वाटले. कार्डाच्या शेवटच्या नोंदीत एक ओळ होती, फोनने तिचे मराठी केले होते, "३ × गोळी ८० ग्रॅम". ऐंशी ग्रॅमची गोळी नसते, इथेच थांबायला हवे होते. त्या भाषेत "रोज" या अर्थी टेगलिश हा शब्द आहे आणि हाताने लिहिताना त्याची केवळ तीन अक्षरे लिहितात, टी-जी-एल. गोळीसाठी टी-बी-एल असे लिहितात. घाईच्या हस्ताक्षरात जी आणि बी यांच्यात फरक उरत नाही. मूळ ओळ "रोज तीन वेळा ८० ग्रॅम" अशी होती. तो खाद्याचा आकडा होता. दिवसाचे २४० ग्रॅम, म्हणजे पिशवीच्या २४५ शी जवळपास जुळणारे. ज्या पशुवैद्याने पिल्लाला हात लावून पाहिले होते त्याने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कार्डावर लिहून दिली होती, आणि ती औषध समजून बाजूला पडली होती.

संशयाला कारणही होते. त्याच्या वरच्याच ओळीत खरोखर एका जंतनाशकाच्या गोळ्या होत्या, रोज एकदा, पाच दिवस. त्या नोंदीची तारीख पिल्लू घरी येण्याच्या सहा दिवस आधीची होती, म्हणजे तो क्रम आधीच्या घरीच संपलेला होता. नोंदीचे भाषांतर करताना मी म्हणूनच प्रत्येक औषधापुढे तीन गोष्टी लिहिते: केव्हा सुरू झाले, किती दिवसांसाठी होते आणि त्या हिशेबाने आज चालू असायला हवे की संपले. मुदत लिहिलेली नसेल तर "मुदत नमूद नाही, थांबवण्यापूर्वी विचारावे" असे लिहिते. अपस्माराची किंवा स्टेरॉइड प्रकारची औषधे दिसली तर ही ओळ मी सर्वांत वर घेते, कारण नव्या मालकाने ती न कळून एकदम बंद केली तर प्राण्याच्या जिवाशी गाठ पडू शकते.

हरवलेला नकार

सूचनांच्या भाषांतरात सर्वांत जपण्याची गोष्ट म्हणजे नकार. या कार्डाच्या समासात दोन शब्द होते आणि फोनने त्यांचे "लहान कोंबडी" असे भाषांतर केले होते. ताईंना वाटले, पिल्लाचे लाडाचे नाव असावे. जर्मन भाषेत काइन म्हणजे "नाही, नको" आणि क्लाइन म्हणजे "लहान". लिहिताना दोहोंत एका अक्षराचा फरक असतो. पशुवैद्याने लिहिले होते, "कोंबडी नको". त्याच पानावर दोन ओळी वर कान लाल असणे आणि खाजवणे यांची नोंद होती, तिच्याशी हे जुळत होते. समासातला, अधोरेखित किंवा उद्गारचिन्ह असलेला मजकूर विचित्र किंवा गोड वाटला, तर तो सूचना असण्याचीच शक्यता जास्त असते. त्याचा अर्थ लावताना पानावरच्या तक्रारीशी जोडून पाहावे.

मी त्यांना विचारले, सध्या कोरड्या खाद्याखेरीज काय देता? पिल्लू सारखे मागते म्हणून त्यांनी कोकराच्या मांसाचे चित्र असलेले खाऊचे एक पाकीट आणले होते आणि त्यातले रोज मूठभर देत होत्या. त्याच्या घटकांच्या यादीत त्यांनी कोंबडीसाठीचा हून हा शब्द शोधला तर तो नव्हता. पण तिथे गेफ्ल्यूगल होते, म्हणजे पक्ष्यांचे मांस या सर्वसाधारण अर्थाचा शब्द, ज्यात कोंबडीही येते. पाकिटाच्या दर्शनी भागावर कोकरू असले तरी आत दुसरे मांस असू शकते. म्हणून एखादा पदार्थ वर्ज्य असेल तर त्याचा एक शब्द देऊन भागत नाही. तो ज्या ज्या नावांनी येऊ शकतो ती सगळी नावे मूळ लिपीत लिहून द्यावी लागतात, म्हणजे मालकाला दुकानात पाकीट हातात धरून अक्षरे जुळवता येतात. कोंबडीच्या बाबतीत त्यात हून, गेफ्ल्यूगल आणि त्यांच्यापुढे पीठ, चरबी किंवा यकृत या अर्थाचे शब्द जोडून झालेली जोडनावे येतात. चरबीमध्ये प्रथिने फार थोडी असतात, त्यामुळे ती चालेल की नाही हा प्रश्न पशुवैद्यालाच विचारावा. भाषांतर करणाऱ्याने त्याचे उत्तर देऊ नये.

त्याच पाकिटावर एर्गेन्त्सुंग्सफुटरमिटल असा लांबलचक शब्द होता आणि फोनने त्याचे "पूरक आहार" असे मराठी केले होते. शब्दशः ते योग्यच आहे. पण मराठीत पूरक आहार म्हटले की आपल्याला काहीतरी जास्तीचे पौष्टिक डोळ्यांसमोर येते, आणि ताई तो मूठभर खाऊ त्याच समजुतीने देत होत्या. पाकिटावर तो शब्द वेगळ्या अर्थाने असतो: हे एकटे पुरेसे नाही, यावर प्राणी पोसता येत नाही. मुख्य खाद्याच्या पिशवीवर अलाइनफुटरमिटल असा शब्द होता, त्याचा अर्थ हे एकटे दिले तरी सर्व गरजा भागतात. या दोन शब्दांसाठी मी आता "अपूर्ण खाद्य, फक्त खाऊ म्हणून" आणि "संपूर्ण खाद्य" असे लिहिते. खाऊ दिवसाच्या ऊर्जेच्या एक दशांशापेक्षा जास्त नसावा, हा नेहमीचा नियम आहे. या पिल्लाच्या बाबतीत तो ९० किलोकॅलरी, म्हणजे कोरड्या खाऊचे साधारण २५ ग्रॅम होतो, आणि तेवढे मुख्य खाद्यातून कमी करायचे असते.

पिशवीवरच्या इतर सूचना थोडक्यात उरकता आल्या. ताजे पाणी ठेवा, कोरड्या जागी ठेवा, अमुक तारखेपूर्वी वापरा, हे प्रत्येक पिशवीवर असते. ते एका ओळीत सांगावे, नाहीतर त्या गर्दीत "कोंबडी नको" हरवून जाते.

त्यांना काय लिहून दिले

ताईंना एका पानाचा मजकूर पाठवला. सर्वांत वर कोंबडीची सूचना, तिच्या शेजारी मूळ शब्द आणि "हस्ताक्षरावरून असे वाचले, दवाखान्यात फोन करून पक्के करावे" हे वाक्य. त्यांनी फोन केला आणि ती सूचना तशीच असल्याचे कळले. खाऊचे पाकीट त्याच दिवशी बंद झाले. त्याखाली आहाराचे वाक्य: रोज २४० ग्रॅम, तीन वेळा ८०, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून. पेल्याने मोजू नये, कारण दाण्यांच्या आकाराप्रमाणे एकाच पेल्यात मावणारे वजन बदलते. १४५ वरून २४० वर एकदम जाण्याऐवजी चार दिवसांत टप्प्याटप्प्याने जावे, असे दवाखान्यातून सांगण्यात आले, म्हणजे पोट बिघडत नाही. त्याखाली संपलेल्या औषधाची नोंद, आणि शेवटी जे वाचता आले नाही ते: लशीच्या स्टिकरखालची एक सही आणि तिच्या शेजारचा अर्धवट पुसलेला शब्द. न वाचलेले वगळले तर मालकाला सगळे वाचले गेले असे वाटते, म्हणून ते लिहावेच लागते.

आणखी एक गोष्ट त्या पानावर तारखेसह लिहिली होती. २४० ग्रॅम हा आकडा चार महिन्यांच्या वयाचा आहे. पिशवीवर पुढचा रकाना सहा महिन्यांचा होता, पाच महिन्यांचा नव्हताच. त्यामुळे पुढच्या महिन्यात पिल्लाला पुन्हा तोलावे, पाठीवरून हात फिरवून फासळ्या हाताला लागतात पण डोळ्यांना उठून दिसत नाहीत ना ते पाहावे, आणि मधला आकडा पशुवैद्याकडून ठरवून घ्यावा.

दोन आठवड्यांनी ताई पिल्लाला दवाखान्यात घेऊन गेल्या. परत आल्यावर त्यांनी कार्डाच्या नव्या नोंदीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिले, "९.१ आहे. दांड्यावर रेघ नाही, मी नीट पाहिले."